ऊसतोडीच्या गावातला शाळा विकास आराखडा: हजेरी आणि मागे पडलेली पोरं, २०२४-२५ च्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा उघडली. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ५४, शिक्षक दोन. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आणि वर्ग पण घ्यायचेत. गावातली बरीच घरं दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परत येतात. अशाच गावातल्या दुसऱ्या मुख्याध्यापकांच्या कामाला येतील म्हणून या नोंदी ठेवतेय.

शिक्षण हक्क कायद्याच्या म्हणजे आरटीईच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, तीन वर्षांचा, आणि त्यातच दरवर्षीचा वेगळा. नमुन्यात पटाचा अंदाज, शिक्षक किती कमी, खोल्या, संडास, कंपाउंड, पैसे किती लागतील हे सगळं आहे आणि ते भरायलाच हवं, कारण खोली मागायची तर तिथूनच मागावी लागते. पण कोणतं पोर किती दिवस येत नाही आणि त्याला काय वाचता येतं याला त्यात रकानाच नाही. म्हणून ठरवलं की नमुना भरायचा तो भरायचा आणि मागे दोन पानं जोडायची, एक हजेरीचं, एक पातळीचं. दोन्ही पानांवर पोरांची नावं. टक्के नाहीत.

२० जून

गेल्या वर्षीचे हजेरीपट काढून बसले. वर्षाची सरासरी हजेरी ७८ टक्के निघाली. हा आकडा वर पाठवला की शेरा येतो, हजेरी वाढवा, प्रभातफेरी काढा, पालकभेटी घ्या. पण या आकड्यावरून कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही.

म्हणून नावानिशी बेरीज मारली, एका ओळीत एक पोर, पुढे बारा महिन्यांचे गैरहजर दिवस. ५४ पोरं आणि साधारण २२० कामाचे दिवस म्हणजे ११,८८० हजेऱ्या व्हायला हव्या होत्या. त्यातली १३ पोरं आईबापाबरोबर तोडीला गेली होती, प्रत्येकाचे नव्वदच्या आसपास दिवस गेले, म्हणजे साधारण ११७० हजेऱ्या. टक्क्यात दहा. म्हणजे एकूण २२ टक्के गैरहजेरीतली जवळपास निम्मी या तेरा नावांची. प्रभातफेरीने यातली एकही हजेरी परत येणार नाही, त्यांचं सगळं गणित कारखान्याच्या हंगामावर आहे.

उरलेली निम्मी गैरहजेरी पण सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. आठदहा नावं पुन्हा पुन्हा दिसतात, त्यात चौथी-पाचवीच्या मुली जास्त, आणि महिने बघितले तर जुलै-ऑगस्ट नि मग ऑक्टोबर. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे खुरपणी आणि ऑक्टोबर म्हणजे कापूस वेचणी, त्यामुळे कारण कुणाला विचारायची पण गरज पडली नाही.

या बेरजेला दोन संध्याकाळी गेल्या आणि एक शंभर पानी वही लागली, दुसरं काही नाही. वर्षाच्या सुरुवातीला एवढं केलं तरी पुष्कळ झालं असं मला वाटतं.

२७ जून

दुसरी ते पाचवीच्या ४३ पोरांना एकेकाला बाजूला बसवून वाचायला दिलं. पद्धत असर या शैक्षणिक सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीसारखी: आधी परिच्छेद द्यायचा, तो आला तर गोष्ट, नाही आला तर शब्द, शब्द नाही आले तर अक्षरं. इयत्ता कोणती ते बघायचं नाही. एका पोराला तीनचार मिनिटं लागतात. लेखी घेतली तर पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात, म्हणून तोंडीच.

अक्षरंही नीट न येणारी ५, अक्षरांवर ९, शब्दांवर १२, परिच्छेदावर ८, गोष्ट वाचणारी ९. म्हणजे ४३ पैकी २६ जणांना चार सोप्या ओळी सलग वाचता येत नाहीत, आणि त्यात पाचवीची सुद्धा आहेत.

मग हे पान हजेरीच्या पानाशेजारी ठेवलं. तोडीला जाणाऱ्या घरातली आमच्याकडे १९ पोरं आहेत, त्यातली १६ दुसरी ते पाचवीत. त्या सोळातली १३ या सव्वीसमधे आहेत. घरी राहणाऱ्या मुलींची नावं पण बऱ्यापैकी तीच. हजेरी आणि अभ्यासातली तूट असे दोन वेगळे कार्यक्रम आराखड्यात लिहायची पद्धत आहे पण आमच्या शाळेत ती यादी एकच आहे. त्यामुळे दोन्ही पानं एकत्र करून एकच पान केलं, नाव, गैरहजर दिवस, कारण, वाचनाची पातळी, वजाबाकी येते का, आणि घर दिवाळीनंतर जाणार का. सहा रकाने.

६ जुलै, समितीची सभा

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि एकूणात निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे कागदावर तसं आहेच, पण खुरपणीच्या दिवसात दुपारची सभा ठेवली की बाया येत नाहीत, म्हणून संध्याकाळी सातला मंदिरासमोर घेतली आणि सगळ्या आल्या. नावं सभेत वाचायची नाहीत हे आधीच ठरवलं होतं, पोराची पातळी त्याच्या आईबापाला एकट्याला सांगायची.

सभेत लोकांनी आधी कंपाउंड आणि पाण्याची टाकी मागितली. बरोबर आहे त्यांचं, दोन्ही लागतंच, आराखड्यात लिहिलं. मग मी विचारलं की तोडीला जाणारं पोर किती महिने शाळेत असतं. एका आईने बोटांवर मोजलं, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. म्हणाली, "बाई, आमच्या लेकराचं वरीस पाच महिन्याचंच असतंय."

आराखडा तिथेच बदलला. मी वर्षभराची उद्दिष्टं तिमाहीत वाटून आणली होती, पहिल्या तिमाहीत अक्षरं, दुसरीत शब्द, तिसरीत परिच्छेद असं. पण दुसऱ्या तिमाहीच्या अर्ध्यातच जी पोरं निघून जाणार त्यांच्यासाठी ती वाटणी काय कामाची? नवीन उद्दिष्ट असं लिहिलं: तोडीला जाणाऱ्या घरातल्या प्रत्येक पोराला दसऱ्याच्या आत परिच्छेद वाचता आला पाहिजे. बाकीच्यांसाठी मार्चअखेर.

१५ जुलै

गट पाडले. अक्षरांपर्यंतची १४ आणि पहिलीची ११ दुसऱ्या शिक्षकांकडे, म्हणजे सरांकडे. शब्दांवरची १२ माझ्याकडे, आणि परिच्छेद-गोष्टवाली १७ पण माझ्याच खोलीत, ती अर्धा वेळ आपली आपण जोडीने वाचतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. दोन शिक्षकी शाळेत याच्याहून बरी वाटणी मला तरी सापडली नाही. वेळ दुपारी जेवणानंतर दीड तास ठेवला, कारण सकाळी पाठ्यपुस्तक उरकलं की दुपार मोकळी मिळते.

सरांच्या गटात पंचवीस पोरं म्हणजे जास्तच होतात पण पहिलीलाही अक्षरंच शिकवायची आहेत त्यामुळे निभावतं. पाचवीतला एक मुलगा अक्षरांवर आहे, त्याला पहिलीच्या पोरांत बसवलं तर तो दोन दिवस आलाच नाही. मग त्याला माझ्या गटात त्याच्या वयाच्या पोरांत घेतलं आणि शेवटची वीस मिनिटं सर त्याला एकट्याला घेतात. इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवा हे म्हणायला ठीक आहे पण दहा वर्षाच्या पोराला पहिलीशेजारी बसायची लाज वाटते, त्याची सोय गट पाडतानाच करायला हवी.

५ ऑगस्ट

तीन आठवडे झाले आणि गट काही हलेना. म्हणजे जी पोरं आधीपासून बरी होती ती पुढे सरकली आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ती जागच्या जागी. सरांना वाटलं साहित्य कमी पडतंय. मला वाटलं वेळ कमी पडतोय.

हजेरी बघितली तर हजेरी चांगली. मग सहज म्हणून जेवणानंतर एकदा डोकी मोजली, सकाळी ४९ मांडलेत आणि समोर ३७. दुसऱ्या दिवशी पण तसंच. हजेरी आपण सकाळी प्रार्थनेनंतर घेतो, पोषण आहाराची संख्या जेवताना लिहितो, पण जेवणानंतर कोण उरलं ते कुठेच लिहिलं जात नाही. बारा पोरं ताटली धुऊन, दप्तर तिथंच ठेवून घरी जात होती.

चौकशी केली. त्या बारात सात मुली. अंगणवाडी दोनच्या सुमाराला सुटते आणि आमची शाळा साडेचारला. आई खुरपणीला, ती सहाला येणार. मग धाकट्या भावाला अंगणवाडीतून घ्यायचं कुणी? तर चौथीतली बहीण. ती दोनला जाते आणि परत येत नाही. बाकी पोरं शेरडं सोडायला जातात.

गटाचा दीड तास आपण नेमका त्याच वेळेला ठेवला होता. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज तीच त्या वेळेला शाळेत नसायची आणि हजेरीपटात मात्र हजर. दुसरीकडे कुणाचे गट हलत नसतील तर साहित्याकडे बघायच्या आधी जेवणानंतर डोकी मोजा.

८ ऑगस्ट

दोन बदल केले. एक, गटाचा दीड तास सकाळी, प्रार्थना झाली की लगेच. पाठ्यपुस्तक दुपारी. केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवलं, वेळापत्रकाची नवी प्रत भिंतीवर लावली, म्हणजे भेटीला कुणी आलं तर घोळ नको.

दोन, दुपारची दुसरी हजेरी. शासनाच्या नोंदवहीत नाही, आपल्या वहीत, फक्त जे गेले त्यांची नावं. आणि अंगणवाडी सेविकेशी बोलून ठरवलं की ज्या मुलींचं भावंड अंगणवाडीत आहे त्यांनी दोनला ते भावंड शाळेतच आणायचं. व्हरांड्यात सतरंजी टाकली, १,१०० रुपयाची, पहिलीच्या खोलीशेजारी. चारपाच बारकी पोरं असतात, कधी रडतात, कधी फळ्यापर्यंत रांगत येतात, त्रास होतो. पण सात मुलीतल्या पाच दुपारी थांबायला लागल्या. दोघींच्या घरी भावंड अगदी तान्हं आहे, ते आणता येत नाही. त्यांच्यासाठी सकाळचा दीड तास चुकू द्यायचा नाही एवढंच हातात आहे.

२७ ऑगस्ट

वजाबाकीबद्दल सविस्तर लिहिते कारण ही गोष्ट बहुतेक शाळांत असणार.

तिसरी ते पाचवीला फळ्यावर ५२ वजा ३७ दिलं. नऊ पोरांनी उत्तर २५ काढलं. सगळ्यांचं चुकलेलं उत्तर एकच म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, प्रत्येकाने एकच चुकीची रीत धरलीय. एका मुलीला मोठ्याने करायला लावलं. ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन." वर २ आहे आणि खाली ७, वरून खालचं जात नाही, म्हणून तिने मोठ्यातून लहान वजा केलं. तिच्या दृष्टीने ५२ ही संख्याच नाही, एक ५ आणि एक २ शेजारी शेजारी उभे आहेत.

आधी आम्ही "हातचा घ्यायचा" हे परत परत फळ्यावर दाखवत होतो आणि पोरं दोन दिवस बरोबर करायची, तिसऱ्या दिवशी परत २५. मग शेतातून तुराट्या आणल्या, बोटाएवढे तुकडे केले आणि दहादहाचे गठ्ठे रबराने बांधले. रबर साठ रुपयाचे, तुराट्या फुकट. त्या मुलीला ५२ मांडायला सांगितले, पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता यातल्या ३७ मला दे. तिने तीन गठ्ठे दिले. सात सुट्या द्यायला गेली तर सुट्या दोनच. बराच वेळ हात तसाच. मी काही बोलले नाही, शेजारच्या मुलाला पण बोलू दिलं नाही. मग तिने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, उरल्या पाच, आणि एक गठ्ठा. पंधरा म्हणाली. मग वहीतलं आधीचं २५ बघितलं आणि खोडलं.

एक गोष्ट लक्षात आली, काड्या आणि वही वेगवेगळ्या तासाला केलं तर काही उपयोग नाही. पोरं काड्यांनी बरोबर करतात आणि वहीत परत जुनंच. रबर सोडलं की त्याच क्षणाला वहीत ५ खोडून वर ४ लिहायचा आणि २ चे १२ करायचे, काडीचा एक हात, पेन्सिलचा एक हात, असं आठवडाभर चालवलं. नंतर गठ्ठे समोर ठेवायचे पण हात लावायचा नाही, नंतर काढूनच टाकायचे. नऊतली सात सुधारली. उरलेल्या दोघांना वीसच्या पुढे मोजतानाच अडखळायला होतं, त्यांना वजाबाकी आत्ता द्यायलाच नको होती, मोजण्यावर परत आणलं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज हजेरी निम्मी, उद्यापण फार नसेल. सणाच्या दुसऱ्या दिवसाची गैरहजेरी मी आता धरत नाही, ती सगळ्यांची असते आणि दोन दिवसात भरून निघते. तेवढा जोर नेहमीच्या नावांवर लावलेला बरा.

२४ सप्टेंबर

तोडीला जाणाऱ्यांचं सर्वेक्षण. कोण जाणार हे टोळीच्या मुकादमाने उचल म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे वाटले की कळतं, त्याआधी लोक नक्की सांगत नाहीत. घरी जाऊन थेट "जाणार का" विचारलं की आधी नाहीच म्हणतात, कारण उचलीचा व्यवहार कुणाला सांगायचा नसतो. "लेकरासाठी जेवणाची सोय करायचीय, नाव घालू का" असं विचारलं तर सांगतात.

हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव या यादीवरच जातो. वसतिगृह नाव असलं तरी आमच्याकडे पोरं रात्री आजी-आजोबांकडेच असतात, दुपारचं शाळेत असतंच, सकाळ-संध्याकाळचं जेवण या योजनेतून मिळतं. पोर गावात राहायचं का नाही हे शेवटी आजी ठरवते, आईबाप नाही, हे मला या खेपेला समजलं. म्हणून आजींची वेगळी बैठक घेतली. एकीने सरळ विचारलं, "रातच्याला लेकरू आजारी पडलं तर मी म्हातारी कुठं पळू?" तिचं बरोबरच होतं. मग सरांचा, आशाताईंचा आणि गाडी असलेल्या दोन पालकांचा नंबर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक आजीच्या घरात लावला. सहा पोरं गेल्या वर्षी मागे राहिली होती, यंदा आठ राहणार असं दिसतंय. दोनच वाढली. मोठी मुलगी असेल तर तिला मागे ठेवायला आईबाप कचरतात आणि उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळायला पण तीच लागते, त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

१४ ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा सोमवार

चाचणी परत घेतली, तशीच तोंडी, परिच्छेद मात्र वेगळे कारण जूनचे पोरांचे पाठ झालेत. तोडीच्या घरातल्या १६ पैकी जूनमधे ३ परिच्छेद वाचत होती, आता ९. उद्दिष्ट सोळा होतं, ते झालं नाही. दुपारचे तीन आठवडे वाया गेले ते इथे दिसतात, शिवाय चार पोरं जूनमधे अक्षरांच्याही मागे होती, त्यांना चार महिन्यात शब्दांपर्यंतच नेता आलं.

१८ नोव्हेंबर

यंदा गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचं मतदान २० ला, त्यामुळे टोळ्या थोड्या मागेपुढे निघताहेत. आज सकाळी एक ट्रॅक्टर गेला, त्यात आमची चार पोरं. आम्हाला दोघांना निवडणुकीची ड्युटी आहे, शाळेचे दिवस जातील ते जातील.

जाणाऱ्या प्रत्येक पोराला शिक्षण हमी कार्ड दिलं. ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यायचं असतं. पण गेल्या वर्षीची कार्डं मार्चमधे ट्रंकेतून जशीच्या तशी परत आली होती. आईबाप पहाटे फडात जातात, नवीन गावात शाळा शोधायला त्यांना वेळ कुठला? म्हणून यंदा मुकादमांकडून कारखाना आणि उतरायचं गाव लिहून घेतलं आणि तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आपणच फोन करायचा ठरवलं. कार्डाच्या मागे दोन ओळी लिहिल्या, पोर काय वाचतं आणि कोणती वजाबाकी करतं, म्हणजे तिथल्या शिक्षकाला पहिल्यापासून चाचपडायला नको.

७ डिसेंबर

११ पोरं गेली, त्यातली चार तिथल्या शाळेत बसतात असं फोनवर कळलं. ज्या टोळ्या एका जागी कोपी म्हणजे झोपडी करून राहतात त्यांचं जमतं. गाडीवाल्या टोळ्या फड संपला की दुसरीकडे, त्यांच्या पोरांचं जमत नाही. एका शाळेच्या मॅडमनी स्वतः कोपीवर जाऊन दोन पोरं आणली, त्यांचे उपकार आहेत.

व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचं महिनाभर करून बघितलं आणि बंद केलं. फोन बापाच्या खिशात, बाप फडात, रात्री येईपर्यंत पोर झोपलेलं.

१३ जानेवारी २०२५

वसतिगृहाची पोरं नीट येताहेत. मंजुरी आणि पैसे उशिरा आले, तोवर किराणा दुकानदाराने उधारीवर दिला आणि गावातल्या दोघांनी ज्वारी दिली. ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दीड महिन्याच्या किराण्याची सोय आधीच बघून ठेवावी, पैसे आल्यावर सुरू करू म्हटलं तर तोवर पोर गाडीत बसून गेलेलं असतं.

संयुक्त शाळा अनुदान आमच्या पटाला निकषाप्रमाणे २५,००० बसतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. लाईट बिल, खडू, दुरुस्ती यातच ते जातं. या सगळ्या कामाला सतरंजी, रबर, गोष्टीच्या पानांच्या झेरॉक्स मिळून दोन हजारही लागले नाहीत. पैशापेक्षा वेळापत्रक हलवायला जास्त जोर लागला.

१० मार्च

हंगाम यंदा लवकर आटपला, पोरं परतायला लागली. गेल्या आठवड्यात निपुण महाराष्ट्रचा शासन निर्णय पण आला, त्यातही पोरांच्या पातळ्याच तपासायच्या आहेत, आमच्याकडे पान तयार होतं.

परत आलेल्या पोरांना आल्या आल्या वाचायला दिलं. गेलेल्या ११ पैकी एक पहिलीचं, बाकी १० जणांची ऑक्टोबरची पातळी आमच्याकडे लिहिलेली होती. त्यातली चार परिच्छेदावर होती, चारही परिच्छेदावरच आहेत, थोडी अडखळतात पण वाचतात. पाच शब्दांवर होती, त्यातली चार अक्षरांवर आलीत. एक अक्षरांवर होतं ते तिथेच आहे.

चारजण तिथल्या शाळेत बसत होते त्यामुळे फरक असेल असं आधी वाटलं, म्हणून नावं लावून बघितली. परिच्छेदवाल्या चारातला एकच शाळेत बसत होता, बाकी तिघं चार महिने फडावर. तरी टिकलं. त्यातल्या एकाने सांगितलं की तो गाड्यांच्या पाट्या आणि दुकानावरच्या पाट्या वाचायचा. शब्दांवर अडखळणारं पोर पाटी वाचत नाही, ते अक्षराला अक्षर जोडत बसतं आणि सोडून देतं. दहा पोरांवरून मोठं काही म्हणता येणार नाही. पण पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंतचे महिने कुणावर खर्च करायचे ते मला यातून दिसतं.

२९ मार्च

समितीची सभा झाली, २०२५-२६ चा आराखडा मंजूर. टाकी झाली, कंपाउंड परत मागितलंय. जोडपानावर बदललेल्या गोष्टी एवढ्याच:

गटाचा दीड तास पहिल्या दिवसापासून सकाळी. दुपारची दुसरी हजेरी जूनपासून. तोडीला जाणाऱ्या घरातलं जे पोर शब्दांवर आहे ते जून ते ऑक्टोबर माझ्या गटात, आणि त्या गटात बारापेक्षा जास्त नाहीत, कारण त्यांना परिच्छेदापर्यंत नेलं तरच चार महिने टिकतं. अक्षरांवरच्या पोरांपैकी ज्यांची आजी गावात आहे त्यांना मागे ठेवायचं बोलणं सप्टेंबरऐवजी जुलैतच. आणि मार्चमधे परतलेल्यांसाठी एप्रिलच्या परीक्षेआधी सकाळचे गट नव्याने पाडायचे, ते मंगळवारपासूनच सुरू करतोय, सरांनी तुराट्यांचे गठ्ठे परत बांधून ठेवलेत.